डावा बड आधी का मान टाकतो?

माझ्या बहिणीच्या इअरबडमधला डावा दीड वर्षात पार थकला होता. मीटिंग सुरू होऊन जेमतेम दीड तास झाला की 'टुंग' असा आवाज यायचा आणि थोड्याच वेळात डावा कान बंद. उजवा मात्र चार-चार तास आरामात चालायचा. तिचं निदान ठरलेलं होतं: "बॅटरी गेली, दुसरं काय?" निदान अर्धं बरोबर निघालं. उरलेलं अर्धं एका रबरी टोपीत लपलं होतं आणि ते सापडायला आम्हाला तीन दिवस लागले.

(बड ज्यात ठेवतो त्या वस्तूला सगळे 'केस' म्हणतात. मी डबी म्हणणार आहे. नाहीतर 'केसात बड अडकला' असं लिहायची वेळ येईल.)

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करायला हवी. बडची जोडी दिसायला जोडी असली, तरी ती दोन स्वतंत्र यंत्रं आहेत. प्रत्येकात स्वतःचा रेडिओ, स्वतःची चिप आणि स्वतःची बॅटरी असते. ही बॅटरी म्हणजे बटणाएवढा किंवा छोट्या नळीएवढा लिथियम-आयन सेल. त्याची क्षमता साधारण ३० ते ६० एमएएच असते, म्हणजे फोनच्या बॅटरीच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. दोन्ही सेल एकाच दिवशी, एकाच कारखान्यात बसवले गेले असतील, पण त्यानंतर त्यांचं आयुष्य एकसारखं जात नाही. एक जास्त बोलतो, एक कमी. एक डबीत नीट बसतो, एक तिरका. इतक्या लहान सेलमध्ये असा थोडासा फरकही मिनिटांच्या हिशेबात लगेच दिसतो. फोनमध्ये ५ एमएएच इकडेतिकडे झाले तर कुणाला पत्ता लागत नाही. बडमध्ये तेवढ्यात पाऊण तास जातो.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. फोनवर डावा १०० आणि उजवा १०० दिसतो, म्हणून आपण धरून चालतो की दोघांत सारखीच वीज आहे. तसं नसतं. हा आकडा त्या-त्या सेलच्या आजच्या क्षमतेचा असतो. नवा असताना ४० एमएएच मावणाऱ्या सेलमध्ये झिजून २५ एमएएचच मावत असतील, तरी तो काठोकाठ भरला की १०० टक्केच दाखवणार. तांब्या भरला आणि पेला भरला, दोन्ही 'भरलेलेच'. शिवाय बरेच बड फोनला आपली बॅटरी दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी कळवतात. त्यामुळे एक ७० आणि दुसरा ६० दिसला, तर त्यांतला खरा फरक एखाद-दुसऱ्या टक्क्याचाही असू शकतो. कारखान्यातून आलेल्या दोन सेलमध्येही थोडी तफावत असतेच. चार तासांच्या वापरात दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडत असेल, तर त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही. एक दुसऱ्याच्या निम्म्यावर आला, की मात्र शोध घ्यायला हवा.

शोध घ्यायचा तो एकाच प्रश्नाचा: हा बड कमी भरतोय, जास्त राबतोय, की म्हातारा झालाय? वरून तिन्ही सारखेच दिसतात, उपाय मात्र तिघांचे वेगळे आहेत. आणि गंमत अशी की बहुतेक लोक तिसऱ्यापासून सुरुवात करतात, कारण त्यात आपल्याला काहीच करावं लागत नाही.

राबण्याचं आधी सांगते, कारण ते कुणाला दिसत नाही. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये फोन गाणं एकाच उपकरणाला पाठवू शकतो. त्याला एकाच वेळी दोन कान ठाऊक नसतात. मग सुरुवातीच्या वायरलेस बडमध्ये युक्ती अशी केली, की एक बड मुख्य आणि दुसरा जोडीदार. फोनकडून सगळा आवाज मुख्य बड घ्यायचा आणि जोडीदाराचा वाटा त्याला पुढे पाठवायचा. म्हणजे एकाला फक्त ऐकायचं काम, दुसऱ्याला ऐकायचं आणि सांगायचंही. रेडिओवरून पाठवण्याला वीज लागते, आणि वाटेत डोकं आडवं येतं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं आणि पाण्याने भरलेलं शरीर या लहरी चांगल्याच शोषून घेतं. निरोप पोचला नाही की पुन्हा पाठवा, पुन्हा पाठवा. मुख्य बडची बॅटरी आधी संपणार हे उघड आहे.

नंतरच्या बडमध्ये चतुराई आली. फोन मुख्य बडशी बोलत असताना जोडीदार तेच बोलणं चोरून ऐकतो आणि आपला वाटा उचलतो. त्यामुळे पुढे पाठवायचं काम जवळजवळ संपतं. पण 'मिळालं' अशी पोच फोनला देणं अजूनही मुख्य बडकडेच असतं आणि कॉलच्या वेळी माइकही बहुधा त्याचाच चालतो. चांगल्या बडमध्ये ही मुख्य-जोडीदाराची भूमिका बॅटरी पाहून आपोआप बदलते. सगळ्यांत ती बदलत नाही. कित्येक ठिकाणी डबीतून जो आधी बाहेर निघाला तो मुख्य, एवढा साधा नियम असतो. उजव्या हाताने काम करणारा माणूस रोज कुठला बड आधी उचलतो, हे त्याने स्वतःच बघावं. वर्षभर रोज तोच बड आधी उचलला, तर रोज तोच हमाल.

एलई ऑडिओ या २०२० साली जाहीर झालेल्या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीत फोन दोन्ही बडना वेगवेगळे प्रवाह पाठवू शकतो, त्यामुळे ही मुख्य-जोडीदाराची भानगड बरीचशी मिटते. पण त्यासाठी फोन आणि बड दोघांनाही ते यावं लागतं. एकाला येऊन भागत नाही, जुन्या पद्धतीवरच गाडी परत येते.

मुख्य कोण आहे ते ओळखायची एक घरगुती चाचणी आहे. गाणं चालू ठेवून एक बड डबीत ठेवा. दुसऱ्यातलं गाणं क्षणभर तुटलं किंवा अडखळलं, तर बहुधा तुम्ही मुख्य बड काढून घेतलात आणि दुसऱ्याने घाईघाईने कारभार हातात घेतला. काहीच न जाणवता गाणं चालू राहिलं, तर डबीत गेलेला जोडीदार होता. दोन-तीनदा करून बघा, एकदा केल्याने फसायला होतं.

आता बहिणीच्या बडकडे येते.

पहिल्या दिवशी आम्ही काहीच दुरुस्त केलं नाही, फक्त कागदावर वेळा लिहिल्या. रात्री अकराला दोन्ही बड डबीत ठेवले. डबी पूर्ण भरलेली होती. झोपण्याआधी पाहिलं तर दोघेही १०० टक्के. सकाळी सातला झाकण उघडलं: उजवा १००, डावा ६०.

इथे दोघी जरा वेळ गप्प बसलो. डबीत ठेवलेली वस्तू रात्रभरात रिकामी कशी होते?

"मी तर वापरलेच नाहीत," ती म्हणाली. "झोपले होते."

"तू झोपली होतीस. डावा जागा होता."

दुसऱ्या रात्री खात्री केली. झाकण बंद केल्यावर पंधरा मिनिटांनी तिच्या फोनच्या ब्लूटूथच्या यादीत पाहिलं. डावा बड अजून जोडलेलाच होता. डबीच्या आत, झाकणाखाली, अंधारात. बडच्या दृष्टीने तो डबीत नव्हताच.

हे समजायला डबीच्या तळाशी पाहावं लागतं. तिथे प्रत्येक खळग्यात दोन किंवा तीन स्प्रिंगच्या छोट्या पिना असतात आणि बडच्या पोटाला तेवढेच सोनेरी ठिपके. ठिपका पिनेला टेकला की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे वीज जाऊ लागते. दुसरी म्हणजे बडला कळतं की आपण घरी आलो, आता रेडिओ बंद करायचा. हा स्पर्श तुटला की बडला वाटतं, मालकाने मला बाहेर काढलं. तो उठतो, फोनला हाक मारतो, जोडला जातो आणि गाण्याची वाट बघत बसतो. असं नुसतं जोडून बसण्यात ताशी साधारण एक एमएएच जातो. झिजलेल्या सेलमध्ये पंचवीस-तीस एमएएचच उरलेले असतील, तर आठ तासांत तीस-चाळीस टक्के गेले यात नवल काही नाही.

स्पर्श नीट होत नाही म्हटलं की सगळे मळाला दोष देतात. मळ असतोच. कानातला मेण, घाम, खिशातली धूळ यांचा एक तपकिरी थर ठिपक्यावर बसतो. पण मळामुळे बारीकसा विरोध वाढतो आणि म्हणून चार्जिंग हळू होतं, हे स्पष्टीकरण फारसं टिकत नाही. बडला चार्ज होताना लागणारा प्रवाह इतका थोडा असतो, उदाहरणार्थ ४० मिलिअँपिअर, की वाटेत २ ओहमचा विरोध आला तरी ०.०८ व्होल्टच खर्ची पडतात. तेवढ्याने काही अडत नाही. खरा त्रास होतो तो स्पर्श होतो-तुटतो, होतो-तुटतो यामुळे. डबी जरा हलली की बड जागा होतो.

तिच्या डाव्या बडचे ठिपके आम्ही आधी कोरड्या कापसाच्या काडीने पुसले, मग काडीच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलावा लावून. काडी ओलसर हवी, निथळती नको, नाहीतर द्रव सांध्यातून आत जातो. डबीतल्या पिना काडीने वरून हलकेच दाबून पाहिल्या. दाबल्यावर त्या खाली जाऊन परत वर यायला हव्यात. दोन्ही खळग्यांत येत होत्या. एखादी पिन खालीच अडकलेली असेल, तर तिच्याभोवतीचा मळ लाकडी दातकोरणीने सोडवायचा. सुई वापरू नका. सोन्याच्या मुलाम्यावर ओरखडा गेला की खालचा धातू उघडा पडतो, आणि सुई दोन पिनांना एकदम लागली की शॉर्टसर्किट होतं.

पुसून झालं तरी डावा रात्री जागाच राहिला.

मग मी दोन्ही बड डबीत ठेवून डोळे डबीच्या काठाच्या रेषेत आणले. उजवा खळग्यात गपकन बसला होता. डाव्याची पाठ अगदी किंचित वर होती, अर्ध्या मिलिमीटरभर असेल. बोटाने दाबला की खाली जायचा, बोट सोडलं की पुन्हा वर. का, ते काढून पाहिल्यावर कळलं. डावा कानातून घसरतो म्हणून तिने त्याला मोठ्या आकाराची रबरी टोपी बसवली होती आणि उजव्याला मधलीच ठेवली होती. मोठ्या टोपीचा काठ खळग्याच्या भिंतीला अडकून बडला वर ढकलत होता. डबीतलं चुंबक त्याला खाली ओढायचं, रबर वर ढकलायचं, आणि बिचाऱ्या पिना मधल्या मध्ये.

मधली टोपी परत लावली. त्या रात्री डावा झोपला. सकाळी दोघेही १००.

डबीबाबत आणखी एक सांगून ठेवते, कारण घाम गाळणाऱ्यांचे बड हमखास याच वाटेने जातात. ओला बड तसाच डबीत टाकला, की घामाचं खारट पाणी दोन पिनांच्या मध्ये येतं आणि पिनांवर व्होल्टेज तर असतंच. मुलामा देण्याच्या कारखान्यात जे होतं, ते इथे उलट्या दिशेने होतं. धन बाजूच्या पिनेचा धातू विरघळू लागतो. म्हणून खराब झालेल्या बडमध्ये बऱ्याचदा एकच ठिपका काळा-हिरवा पडलेला दिसतो, शेजारचा मात्र चकचकीत. असा खाल्लेला ठिपका पुसून सोनेरी होत नाही. व्यायामानंतर बड कोरड्या कापडाने पुसून पाचेक मिनिटं उघडे ठेवायचे आणि मगच डबीत. जोडीतला कुठला बड आधी खराब होतो हेही यात योगायोगाचं असतं: ज्या बाजूला जास्त ओल राहिली तो.

तिसऱ्या दिवशी खरी परीक्षा घेतली. आतापर्यंत डावा १ तास ४० मिनिटं चालत होता. नीट झोपल्यावर किती चालतो? त्यासाठी दोघांना एकत्र नव्हे, एकेकटं तपासायचं. एकत्र तपासले तर कोण मुख्य, कोण जोडीदार ही भानगड मध्ये येते. एकटा बड स्वतःच मुख्य असतो, म्हणून दोघांना सारखंच काम मिळतं. फोन बडपासून हातभर अंतरावर टेबलावर ठेवला, आवाज निम्म्यावर, बाहेरचा गोंगाट दाबणारी सोय बंद, आणि एकच लांबलचक रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा. आधी फक्त डावा, उजवा डबीत. मग फक्त उजवा. कानातून काढल्यावर काही बड थांबतात, म्हणून अ‍ॅपमध्ये ती सोय असेल तर तपासणीपुरती बंद करावी लागते.

डावा २ तास ५५ मिनिटं चालला. उजवा ४ तास २० मिनिटं.

म्हणजे १ तास ४० वरून २ तास ५५ पर्यंतची वाढ एका रबरी टोपीने दिली. दुसऱ्या भाषेत, रोज सकाळी डावा साठ टक्क्यांवरून सुरुवात करत होता, आता शंभरवरून करतो. गणित जवळपास तंतोतंत जुळतं: १७५ मिनिटांचे साठ टक्के म्हणजे १०५ मिनिटं. राहिलेली तफावत मात्र टोपीने जाणार नव्हती. दोघांना सारखं काम दिलं, दोघेही काठोकाठ भरले, तरी डावा उजव्याच्या दोन-तृतीयांशच चालला. याचा अर्थ एकच: डाव्याचा सेल खरोखर झिजलाय.

एकट्याची चाचणी याच्यासाठीच मोलाची आहे. एकेकटे दोघेही सारखाच वेळ चालले आणि फक्त जोडीने चालवल्यावर एक आधी संपतो असं दिसलं, तर सेल ठणठणीत आहेत, कामाची वाटणी विषम आहे. मग आधी उचलायचा बड बदला, बडचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा, एकदा रीसेट करून पुन्हा जोडून पाहा. फोन कायम एकाच खिशात असेल तर खिसा बदलून पाहा. रीसेट केल्याने भूमिका बदलू शकते, टक्क्यांचा चुकलेला हिशेब सुधारू शकतो. सेलची गेलेली क्षमता मात्र त्याने परत येत नाही, कुणी काहीही सांगो.

टक्के कसे उतरतात यावरूनही अंदाज येतो. जास्त राबणाऱ्या बडचे टक्के भराभर पण सरळ उतरतात: ८०, ६०, ४०, २०. झिजलेल्या सेलचे बऱ्यापैकी नीट उतरत येतात आणि मग ३० वरून अचानक कडेलोट. याचं कारण सेलच्या आतला विरोध. भरलेल्या लिथियम सेलचं व्होल्टेज साधारण ४.२ असतं आणि ३ व्होल्टच्या आसपास बडची चिप 'पुरे' म्हणून बंद पडते. सेल म्हातारा झाला की आतला विरोध वाढतो. जरा जास्त प्रवाह मागितला, समजा कॉल आला आणि माइक सुरू झाला, की व्होल्टेज दचकून खाली येतं. आत वीज शिल्लक असते, पण चिपला ते खाली आलेलं व्होल्टेजच दिसतं. बंद पडलेला असा बड दोन मिनिटांनी पुन्हा सुरू केला तर १५-२० टक्के दाखवतो आणि पाच मिनिटांत परत मरतो. हे दिसलं तर पिना पुसत बसू नका.

मग तिचा डावाच का झिजला? दिवसभर ती कॉलवर असते आणि कॉल एकाच कानाने घेते, डाव्या. उजवा कान घरातल्या आवाजांसाठी मोकळा. रोज पाच तास कॉल आणि माइकसकट डावा नवा असताना एका दमात साडेतीन तास चालणारा, म्हणजे रोज जवळपास दीड वेळा पूर्ण भरणं-रिकामं होणं. कामाचे दिवस सुमारे चारशे. संध्याकाळची गाणी दोन्ही कानांनी, तो भार दोघांवर सारखा. ढोबळ बेरीज केली तर डाव्याची सातशेच्या आसपास आवर्तनं झाली होती, उजव्याची दीडशेच्या. लिथियम-आयन सेलबद्दल सर्वसाधारण ठोकताळा असा, की तीनशे ते पाचशे पूर्ण आवर्तनांनंतर त्याची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते. प्रत्येक आवर्तनात थोडं लिथियम आतल्या पटलात कायमचं अडकून बसतं, ते पटल जाड होत जातं आणि वीज साठवायला उरलेलं लिथियम कमी होतं. डाव्याने तो टप्पा कधीच मागे टाकला होता. वयाने दोघे जुळे, पण अनुभवाने डावा थोरला.

असा एकाच बाजूचा वापर अनेकांचा असतो: गाडी चालवताना एकच बड, झोपताना कुशीच्या वरच्या बाजूचा एकच बड. एक बड महिनोन्महिने कुठेतरी हरवून, डबीबाहेर पडून राहणं हाही असाच घातक प्रकार. तो जोडीदार शोधत हळूहळू पूर्ण रिकामा होतो आणि तसाच पडून राहिला की सेलचं व्होल्टेज सुरक्षित मर्यादेच्या खाली जातं. सोफ्याखाली सापडलेला बड परत चालू झाला तरी तो पूर्वीचा राहिलेला नसतो. एका बाजूला आवाज कमी ऐकू येतो म्हणून त्या बाजूचा आवाज वाढवून ठेवणारेही आहेत. बॅटरीवर त्याचा परिणाम फार नाही. आधी त्या बडची जाळी साफ करा, बहुतेक वेळा तिथे मेणच असतं.

झिजलेल्या सेलचं करायचं काय? सेल बदलता येतो का, हा पहिला प्रश्न येतो. बडच्या आतला सेल पुष्कळदा १२५४ अशा आकड्याने ओळखला जातो: १२ मिलिमीटर व्यास, ५.४ मिलिमीटर जाडी. तो सुटा मिळतो आणि तसाच बसवून दिलेले व्हिडिओही सापडतील. पण बडचं कवच गोंदाने चिकटवलेलं असतं, उघडताना अँटेनाची किंवा स्पर्शाची पट्टी तुटते आणि पाणी अडवणारा सांधा परत तसा बसत नाही. सेलवर थेट सोल्डरिंग आयर्न टेकवणं तर धोक्याचं आहे. उष्णतेने आतला पडदा वितळला तर सेल पेटू शकतो. म्हणून त्याला धातूच्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात. छोट्या सेलचं काम करणारा सरावलेला माणूस मिळाला तर ठीक, नाहीतर जुन्या स्क्रू-ड्रायव्हरच्या भरवशावर हात घालू नये. बडच्या सांध्याला फट पडली असेल किंवा कवच फुगलेलं वाटत असेल, तर तो चार्ज करणं लगेच थांबवायचं आणि ई-कचऱ्यात द्यायचा. तो वापरत राहायची वस्तू नाही, कारण तो आपण कानात घालतो.

वॉरंटी शिल्लक असेल तर हिशेबाचा तो कागद फार कामाला येतो. 'लवकर संपतो' म्हटल्यावर कुणी ऐकत नाही. 'दोन्ही एकेकटे, सारख्या आवाजात, एक १७५ मिनिटं आणि दुसरा २६०' म्हटल्यावर पुढचं बोलणं सोपं होतं. काही कंपन्या एकच सुटा बड देतात. तो घेताना मॉडेल आणि पिढी तंतोतंत तीच हवी, नाहीतर जोडीच जुळत नाही. आणि नवा डावा आला की तक्रार बाजू बदलते. आता उजवा आधी संपणार, कारण तोही दीड वर्षाचाच आहे.

बहिणीने नवा घेतला नाही. दोन्ही बड आलटून-पालटून वापरायचं ठरलं: सकाळचे कॉल उजव्याने, दुपारचे डाव्याने, एक कानात असताना दुसरा डबीत. असं केलं की जोडी दिवसभर पुरते. कारण दहा-पंधरा मिनिटं डबीत ठेवल्याने बहुतेक बडना तासाभराची वीज मिळते, आणि डाव्याला तर अख्खा कॉल विश्रांती मिळते. तोटा एकच, आणि तो तिला आधीच सांगितला होता. उजवा आता जास्त राबणार, म्हणजे जास्त झिजणार. दोघांतला फरक हळूहळू मिटेल, पण तो डावा सुधारल्यामुळे नव्हे, उजवा त्याच्यापर्यंत खाली आल्यामुळे.

"म्हणजे दोघेही बिघडले की मग बरोबरीत येतील," ती म्हणाली.

मोठी टोपी तिने फेकली नाही. डाव्या कानात मधली सैल बसते, म्हणून बाहेर निघाली की मोठी लावते आणि डबीत ठेवताना काढून ठेवते. दोनदा विसरली. दोन्ही वेळा सकाळी डावा साठच्या घरात होता.